भिंतीवरची नावं का तरंगतात

अगं, तू पाठवलेली क्लिप काल रात्री तीनदा बघितली. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा आवाज बंद करून आणि तिसऱ्यांदा एकेक फ्रेम पुढे ढकलत. तू फोनवर म्हणालीस ना, "ताई, सगळं जागेवर आहे, ट्रॅकिंग पण पक्कं बसलंय, तरी नावं चिकटवल्यासारखी दिसतात"? तुझं बरोबर आहे. ती चिकटवल्यासारखीच दिसतात, आणि ट्रॅकिंगचा त्यात काही दोष नाही. तुला रागवायला लिहीत नाहीये. मीही यावर दोन वर्षं अडले होते आणि तेव्हा मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी तू काय केलंस ते माझ्या शब्दांत सांगते. उमरग्याच्या बाहेर, सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला मळ्यातल्या मोटारीची खोली आहे, तिची पांढरी भिंत. नवरदेव बुलेटवर जातोय आणि तू कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवलास. बुलेट स्पष्ट, मागची भिंत आडवी ओढल्यासारखी पुसट. त्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवल्यासारखी दिसावीत म्हणून तू ती नंतर टाकलीस. कल्पना फार गोड आहे. पण भिंतीवरच्या चुन्याचे डाग, पोपडे, मोटारीची वायर, सगळं ओढलं गेलंय आणि तुझी अक्षरं मात्र छापील पत्रिकेसारखी करकरीत उभी आहेत. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याच्या डोळ्याला लगेच कळतं की ही अक्षरं त्या कॅमेऱ्यासमोर कधी नव्हतीच.

हे का होतं बघ. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेतो, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सेकंदाचा पंचविसावा भाग येतो. पण त्या सगळ्या वेळात शटर उघडं नसतं. तू १/५० ठेवलंस, म्हणजे निम्मा वेळ उघडं आणि निम्मा वेळ बंद. उघड्या वेळात भिंत जेवढी सरकली, तेवढा तिचा फराटा फ्रेमवर उमटला. बंद वेळातली हालचाल कुठेच उमटली नाही. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात फिरती चकती असायची, तिचा जेवढा भाग कापलेला तेवढा उजेड आत जायचा. म्हणून आजही हे माप अंशांत सांगतात. पूर्ण फेरी ३६० अंश, निम्मी १८०. तुझ्या क्लिपचं शटर १८० अंशांचं आहे, आणि तू टाकलेल्या अक्षरांचं शून्य. तरंगण्याचं कारण एवढंच.

दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक फ्रेम करून हलवल्या होत्या, 'आगकाड्यांची मौज'मध्ये. अशा प्रकारात वस्तू हलवायची, हात काढायचा आणि मग फ्रेम घ्यायची. वस्तू प्रत्येक फ्रेममध्ये स्तब्ध असते, म्हणून फराटा उमटतच नाही, आणि त्या हालचालीला तो टकटक करणारा झटका येतो. पुढे हॉलिवूडमध्ये १९८१ च्या 'ड्रॅगनस्लेयर'साठी फ्रेम घेत असतानाच बाहुला मोटरने थोडासा हलवायची युक्ती वापरली, कशासाठी, तर तेवढाच फराटा यावा म्हणून. तुझी नावं आज त्या आगकाड्यांच्या जागी आहेत.

आता तू म्हणशील, मग ब्लरचं बटण दाबते की. थांब. मीही तेच केलं होतं. पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात एका घरगुती समारंभाच्या व्हिडिओत मी नावांच्या पाटीला ब्लर लावला, सॉफ्टवेअरने दिलेला, जसाच्या तसा. फुटेज भर दुपारी फोनवर घेतलेलं होतं. पाटी लोण्यासारखी ओघळायची आणि मागची माणसं कात्रीने कापल्यासारखी तीक्ष्ण. ज्यांचं काम होतं त्यांनी बघून एवढंच विचारलं, "पाटी हलतेय का हो?" मला उत्तर देता आलं नव्हतं. ब्लर असणं-नसणं हा प्रश्नच नाही, तो त्याच शॉटच्या मापाचा हवा.

आणि ते माप शॉटमध्येच लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याची सेटिंग माहीत नसली, फुटेज दुसऱ्या कुणी दिलं असलं, तरी ते काढता येतं. तुझ्याच क्लिपवर मी काल काढलं, ते सांगते. भिंतीवर खिळ्याचा एक काळा ठिपका आहे. वेग बदललेला नाही त्या भागात कॅमेरा सगळ्यात जोरात फिरतो ती फ्रेम घे आणि खूप मोठी करून बघ. ठिपका गोल नाही, आडवी रेघ झालीय. तिची लांबी मी मोजली, साधारण ३० पिक्सेल. मग एक फ्रेम पुढे गेले आणि तीच रेघ किती सरकली ते बघितलं, रेघेच्या मध्यापासून मध्यापर्यंत. ६० पिक्सेल. फराटा सरकण्याच्या निम्मा आहे, म्हणजे ३६० च्या निम्मे, १८० अंश.

```
शटरचे अंश = ३६० × फराटा ÷ सरक
```

फराटा ३० ऐवजी ६ पिक्सेल आला असता तर ३६ अंश, म्हणजे शटर १/२५० होतं असं कळलं असतं. मोजायला नेहमी जोरात सरकणारी फ्रेम घे आणि फोकसमधली, बारीक, उठून दिसणारी वस्तू घे. हळू फ्रेममध्ये फोकसचा मऊपणा आणि फराटा एकमेकांत मिसळतात आणि माप फसतं. दोन-तीन ठिकाणी मोजून बघ. दहा-पंधरा अंशांचा फरक डोळ्याला कळत नाही, त्याची काळजी करू नकोस.

लग्नाच्या हॉलमध्ये तर मोजपट्टीही लागत नाही, अक्षता बघायच्या. त्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर शटर १/५० च्या आसपास आहे. दाणा न् दाणा वेगळा दिसला तर ते बरंच वेगवान आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की तू तिकडे जोडप्यांना नेतेस ना? तिथलं पाणी हेच सांगतं. १/५० ला पाण्याच्या दोऱ्या होतात, १/१००० ला मणी.

आता अक्षरांना ते माप लावायचं. आफ्टर इफेक्ट्समध्ये लेयरचा Motion Blur चालू केलास की तो किती असावा हे Composition Settings मधल्या Advanced मध्ये ठरतं. तिथे दोन आकडे आहेत, Shutter Angle आणि Shutter Phase. पहिला तू आत्ता मोजलास. दुसऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि निम्म्या कामाचा खेळ तिथेच होतो. फराटा किती लांब हे Angle सांगतं, आणि तो वस्तूच्या ठरलेल्या जागेपासून कुठे सुरू होतो हे Phase सांगतं.

विचार कर, ट्रॅकरने खिळा पकडला तेव्हा त्याने काय पकडलं? ती ३० पिक्सेलची रेघ. आणि तो तिच्या मध्यावर बसला, कारण त्याला दुसरं काही दिसतच नाही. म्हणून तुझ्या अक्षरांचा फराटाही त्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरला पाहिजे, १५ इकडे आणि १५ तिकडे. त्यासाठी Phase नेहमी Angle च्या निम्मा आणि उणे ठेवायचा. १८० असेल तर -90, ३६ असेल तर -18. मुळात तो -90 असतो, म्हणून १८० च्या फुटेजवर काही बिघडत नाही. Angle बदलून Phase तसाच ठेवलास, किंवा कुठल्या जुन्या प्रोजेक्टमधून शून्य आला, तर अक्षरं सरकतात. तुझ्या शॉटमध्ये शून्याला ती १५ पिक्सेल पुढे जातील. कॅमेरा थांबला की बरोबर जागेवर, फिरला की भिंतीच्या पुढे. मग तू ट्रॅकिंग परत करत बसशील आणि रात्र जाईल, कारण चूक ट्रॅकिंगमध्ये नाहीच. जोरात फिरताना अक्षरं घसरतात आणि थांबल्यावर जागेवर येतात, असं दिसलं की आधी Phase बघ.

तुझ्या फाईलमध्ये मला अजून एक गोष्ट दिसली. ब्लरचं बटण तू एकदा दाबलं होतंस, पण काहीच झालं नाही म्हणून बंद केलंस, हो ना? मोकातून तू साधा Corner Pin आणलायस. त्यात हालचाल इफेक्टच्या आत राहते, लेयर स्वतः जागचा हलतच नाही, आणि लेयरचा ब्लर लेयरच्याच हालचालीवरून काढला जातो. मोकातून आणतानाच Corner Pin [supports motion blur] असा पर्याय आहे, तो घे. प्रीमियरमध्येही हीच फसगत होते. तिथल्या Motion मध्ये Position च्या कीफ्रेम लावल्या की फराटा येत नाही. त्याऐवजी Transform इफेक्ट लावायचा, त्याला स्वतःचा Shutter Angle आहे. दाविंची वापरशील तर फ्यूजनच्या Transform मध्ये Motion Blur ची खूण कर, पण Quality वाढवायला विसरू नकोस. ते कमी असलं की फराट्याऐवजी अक्षरांच्या तीन-चार फिक्या प्रती एकाशेजारी एक दिसतात, पत्त्यांचा पंखा उघडल्यासारख्या.

इथवर नावांचं झालं. त्याच क्लिपमध्ये तू पुढे वेग वाढवलायस, बुलेट सावकाश येते, एकदम सुसाट जाते आणि परत मंदावते. तिथे मला जास्त खटकलं, आणि ते थोडं अवघड आहे, म्हणून सावकाश वाच.

चौपट वेग केलास म्हणजे सॉफ्टवेअरने काय केलं? चारातली एक फ्रेम ठेवली, तीन टाकल्या. भिंत आता एका फ्रेममध्ये ६० नाही, २४० पिक्सेल सरकते. पण ठेवलेल्या फ्रेममध्ये उमटलेला फराटा जुनाच आहे, ३०. आता तेच गणित कर, ३६० गुणिले ३० भागिले २४०. उत्तर ४५ अंश. जिथे सगळ्यात जास्त ओढलं जायला हवं, नेमकं तिथेच शॉट सगळ्यात तीक्ष्ण आणि ठिगळठिगळ झाला. म्हणून तो सुसाट भाग वेगवान वाटत नाही, अडखळल्यासारखा वाटतो. कॅमेऱ्याने खरोखर तेवढ्या वेगाची गाडी टिपली असती तर २४० चा निम्मा, म्हणजे १२० पिक्सेलचा फराटा आला असता.

फ्रेम एकमेकींत मिसळण्याचा पर्याय असतो, Frame Blend. तो इथे लावून बघशील तर भूत दिसेल. कारण मूळ दोन फराट्यांमध्ये ३० पिक्सेलची मोकळी जागा आहे, शटर बंद होतं त्या वेळची. मिसळल्यावर एक खिळा, मग फट, मग दुसरा खिळा असं येतं. म्हणून Pixel Motion Blur लावायचा. तो शेजारच्या फ्रेम बघून कुठला पिक्सेल कुठे गेला याचा अंदाज घेतो आणि त्या दिशेने फराटा ओढतो. वेग बदललेली क्लिप आधी प्रीकंपोज कर आणि मग त्यावर हा इफेक्ट लाव, म्हणजे त्याला बदललेल्या वेगाची हालचाल दिसेल. Shutter Control हाताने ठरवायच्या पर्यायावर, Manual वर, ने.

आणि आता माझं लाडकं गणित, जे कुठल्याच ट्युटोरियलमध्ये मला मिळालं नाही. सगळे १८० टाकतात. पण फ्रेममध्ये ३० पिक्सेल आधीच आहेत ना? १२० हवेत, ३० हाताशी आहेत, म्हणजे ९० नव्याने ओढायचे. २४० पैकी ९० म्हणजे १३५ अंश. दुप्पट वेगाला सरक १२०, हवेत ६०, आहेत ३०, ओढायचे ३०, म्हणजे ९० अंश. तिप्पटला १२०. आणि मूळ वेगाला शून्य, कारण तिथे कॅमेऱ्याने आपलं काम केलंच आहे. म्हणून Shutter Angle ला वेगाबरोबर कीफ्रेम लाव, ०, ९०, १२०, १३५, आणि उतरताना उलट. सरसकट १८० ठेवलास तर मूळ वेगाच्या भागात दुप्पट फराटा येतो. बघणाऱ्याला वाटतं, फोकस गेला.

आता नावं कुठे बसवायची? तू वेग बदललेल्या क्लिपवर बसवलीस. तिथे भिंतीचं शटर दर फ्रेमला वेगळं आहे, कुठे १८०, कुठे ४५, त्यामुळे अक्षरांना एक आकडा पुरणारच नाही. ट्रॅकरलाही २४० पिक्सेलच्या उड्या झेपत नाहीत. म्हणून नावं मूळ वेगाच्या क्लिपवर बसव, १८० आणि -90 ने. मग नावांसकट सगळं एका कंपोझिशनमध्ये गुंडाळ, त्याचा वेग बदल आणि शेवटी त्या सगळ्यावर एकच Pixel Motion Blur. भिंत आणि अक्षरं तेव्हा एकाच हाताने ओढली जातात. हा क्रम उलटा झाला की कितीही बारकावे कर, जुळत नाही.

हे सगळीकडे चालेल असं मात्र समजू नकोस. हा इफेक्ट अंदाज करतो, त्याने मधली हालचाल पाहिलेली नाही. वरातीत हलगी वाजवणाऱ्याची काडी चौपट वेगात घे, ती त्याला ओळखूच येणार नाही, हाताशेजारी रबरासारखा गोळा होईल. बुलेटच्या चाकाच्या तारा, उडणाऱ्या अक्षता, एकमेकांना ओलांडून नाचणारी माणसं, सगळीकडे तीच गत. अशा शॉटला मी वेग दुपटीच्या वर नेत नाही, किंवा तेवढ्या भागावर मास्क लावून ब्लर काढून टाकते. आणि मंद भागात उलटी अडचण आहे. २५ फ्रेमचं फुटेज निम्म्या वेगावर आणलंस की सरक ३० होते आणि फराटाही ३०, म्हणजे ३६० अंश, सगळं पाण्यातून बघितल्यासारखं. उमटलेला फराटा पुसता येत नाही. कमी असेल तर वाढवता येतो, एवढंच आपल्या हातात आहे.

म्हणून वेग बदलायचा हे आधीच ठरलं असेल तर शूट करतानाच काळजी घे. बहुतेक जण ५० फ्रेमला १/१०० ठेवतात, कारण "फ्रेमच्या दुप्पट शटर" हे पाठ झालेलं असतं. निम्म्या वेगाला ते अगदी बरोबर, १८०. पण तीच क्लिप २५ च्या टाइमलाइनवर साध्या वेगाने चालवली की एकाआड एक फ्रेम गळते आणि ९० अंश उरतात, खडबडीत. त्याऐवजी ज्या शॉटचा मोठा भाग साध्या वेगाने आणि थोडासाच भाग मंद असणार आहे, तो ५० फ्रेमला १/५० वर घे. साध्या वेगाला आपोआप १८० मिळतात, मंद भाग मऊ होतो, पण तो थोडासाच असल्याने तो मऊपणा लग्नाच्या व्हिडिओत शोभतो. १०० फ्रेम आणि १/१०० मिळत असेल तर अजून छान. शटर जवळजवळ सतत उघडं असल्याने फराट्यांमध्ये फट राहत नाही. मग दर चार फ्रेममधल्या लागोपाठच्या दोन मिसळल्या की कॅमेऱ्याने १/५० ला घेतल्यासारखी खरी फ्रेम तयार होते, अंदाज न करता. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, हॉलमधले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे १/५० आणि १/१०० दोन्हीला फ्लिकर येत नाही.

बाहेर उन्हात मात्र १/५० ठेवणं सोपं नाही. आपल्याकडच्या दुपारी आयएसओ १०० ला, अॅपर्चर २.८ ठेवून १/५० हवं असेल तर उजेड सहा स्टॉप जास्त होतो. एनडी ६४ चा फिल्टर लागतो. तो नसला की आपण शटर वाढवतो, किंवा फोन आपणहून वाढवतो, १/१००० किंवा त्याच्याही पुढे. ते झालं ९ अंश. आणि फोनचं एक वेगळंच आहे, तो फ्रेमचा दरही मध्येच कमी-जास्त करतो. मोजायच्या आधी त्याची क्लिप स्थिर २५ वर बदलून घे, नाहीतर दर दोन फ्रेमला वेगळं उत्तर येईल.

तू सोबत पाठवलेल्या नळदुर्गच्या शॉटचंही तेच झालंय. त्यात पाण्याचे मणी दिसतात, म्हणजे ते फोनवरचं, वेगवान शटरचं फुटेज आहे. तिथे तारखेची अक्षरं तू १८० ला ठेवलीस, ती पाण्यासमोर विरघळल्यासारखी दिसतात. त्या शॉटला Angle 9 आणि Phase त्याच्या साधारण निम्मा, -4 किंवा -5 टाक. अक्षरं पाण्याइतकीच तीक्ष्ण राहतील. सगळा शॉटच मऊ हवा असेल तर आधी अक्षरं ९ ला बसव, मग शॉटसकट सगळ्यावर Pixel Motion Blur दे. पण धबधब्यावर तो फाटेल, मी करून बघितलंय. मी असते तर ९ वरच सोडलं असतं.

भिंतीचा शॉट मी माझ्याकडे नव्या क्रमाने करून बघितला. नावं आता चुन्याच्या डागांबरोबरच ओढली जातात, आणि बुलेट सुसाट जाते तिथे अक्षरं वाचता येत नाहीत. रंगवलेली असती तरी त्या वेगाला वाचता आली नसती, म्हणून तो भाग तसाच राहू दे. नावं वाचायला हवीत तर बुलेट मंदावते तिथे अर्धा सेकंद जास्त थांब. माझी फाईल तुला पाठवत नाही. तू खिळ्यापासून स्वतः मोज, आणि तुझा आकडा १८० च्या जवळपास आला नाही तर मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.